वहीतील प्रश्नचिन्ह

थोरल्याला अमरावतीच्या ज्या शिक्षकांनी घडविले, त्यांच्याकडेच धाकटीलाही घातले. दर शनिवारी परीक्षा आणि गुण सर्वांसमोर मोठ्याने वाचणे, ही त्यांची शिस्त. थोरल्याला त्याने ईर्ष्या चढे; नांदगाव पेठहून बसने जाणारी अबोल धाकटी मात्र शुक्रवारपासूनच जेवेनाशी झाली.

तिच्या वहीत एकही खाडाखोड नसे. न समजलेले ती शेजारणीचे उतरवून घेई, हे मला उशिरा कळले. एका संध्याकाळी दुकानात विचारले, २,४०० रुपयांचे दरसाल दर शेकडा ५ प्रमाणे ८ महिन्यांचे सरळव्याज किती? तिने ९६० लिहिले. वर्षाचेच व्याज १२०, मग आठ महिन्यांचे ८०. तिने महिन्यांना वर्षे मानले होते. व्यापाऱ्याच्या घरात ही चूक!

"सरांना विचारले का नाहीस?"

"सगळे हसले असते, बाबा."

आता गावातीलच एक बाई तिला शिकवितात. अडेल तेथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचे. बाई वही पाहून तेवढेच समजावितात. अभ्यासक्रम मागे पडतो, गुणही फारसे वाढलेले नाहीत. आजोबा अद्याप नाराज आहेत. वार्षिक परीक्षेपर्यंत मात्र मी शिकवणी बदलणार नाही. काल वहीत सात प्रश्नचिन्हे होती.