अस्तर वेगळं टांगा

कोराडीत ब्लॅकआउट पडदे शिवून घेणाऱ्यांत औष्णिक वीज केंद्रातल्या रात्रपाळीवाल्यांची घरं पुष्कळ. मे महिन्यात, सकाळी घरी आलेल्या माणसाला नेटचा पडदा काय कामाचा? त्याला दिवसा अंधार लागतो. पण इथे राखही आहे. ती पडद्यावर बसते, पडदा धुवावा लागतो, आणि ब्लॅकआउटच्या अस्तराचं धुण्याशी वैर आहे.

या अस्तरावर अ‍ॅक्रिलिक फेसाचे थर असतात. चांगल्या मालात पांढरा, मग काळा, वर पुन्हा पांढरा. अंधार पडतो तो काळ्या थरामुळे. ऊन आणि उष्णतेने हे कोटिंग कडक होतं. असं अस्तर मशीनमध्ये फिरवलं किंवा पिळलं की घडीच्या रेषेवर तडा जातो आणि उन्हात त्या तड्यातून उजेड टिपक्यांनी दिसतो. सुईचंही तसंच. एकदा पडलेलं भोक उसवलं तरी बुजत नाही, म्हणून मी बारीक सुई आणि लांब टाका वापरतो, टाचण्यांऐवजी चिमटे लावतो.

पण माझा खरा छळ केला तो आटण्याने. वर सुती कापड, खाली न आटणारं पॉलिस्टरचं अस्तर. वीस इंचांचा सुती तुकडा धुऊन साडेएकोणीस भरला, तर चौऱ्याऐंशी इंचांच्या पडद्यात दोन इंचांहून जास्त उंची जाते. चारी बाजूंनी एकत्र शिवलेलं असेल, तर अस्तर झोळ मारतं आणि कडा गोळा होतात.

मला माझ्या अखंड शिवणीचा फार अभिमान होता, आणि अजून आहे. मागची बाजू पुढच्याइतकी देखणी हवी, हा हट्ट. पण हल्ली उजव्या अंगठ्याला जड कापड पेलत नाही, म्हणून शिवण भाचीच्या हाती दिली. तिने विचारलं, "मामा, अस्तर वेगळंच टांगलं तर?" वरच्या पट्टीला स्वतःचे हूक, खालची कड सुटी, पडद्यापेक्षा इंचभर आखूड. सुती पडदा काढून धुवा, अस्तर तिथेच ओल्या फडक्याने पुसा. मला जे हवं होतं तेच ती सहज करून बसली.

काचेलगत नेट लावा, हा माझा आग्रह. पॉलिस्टरचं नेट काचेआड उन्हाला सुतापेक्षा बरंच जास्त टिकतं, आटत जवळजवळ नाही, आणि राख आधी तेच झेलतं. मात्र साध्या विणीचं पातळ नेट शिवणीजवळ सरकतं, धागे बाजूला होतात. ताण्याचे धागे जोडीने पीळ घालून विणलेलं नेट घ्या. धुण्याआधी ते बाहेर झटका, घासू नका, राख कापड कापते.

तयार पडदे विकणारे कोटिंगच्या पडद्यांनाही "मशीनमध्ये धुवा" असं सांगतात, त्याचा मला राग येतो. विकत घेताना अस्तर मुठीत घट्ट चुरगळा, मग उन्हासमोर धरा. टिपके दिसले तर ते घेऊ नका.