सहा तास की पावणेसात?

आमच्या चंद्रपूरच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म.च्या मुलांना फार्माकोकायनेटिक्सचं एक प्रॅक्टिकल असतं. त्यात रक्त काढायचं नसतं. वेळ आणि त्या वेळेचं रक्तातलं औषधाचं प्रमाण असे आकडे मी देते. त्यावरून आलेख काढायचा, हाफ-लाइफ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एयूसी, काढायचं आणि रिपोर्ट लिहायचा. पुस्तकातलं थिओफिलिनचं उदाहरण देता आलं असतं. पण माझ्या वर्गात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली, धानोरा, भामरागड अशा तालुक्यांतून आलेली मुलं असतात. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे आणि या मुलांच्या घरात प्रायमाक्विनची गोळी कोणी ना कोणी घेतलेली असतेच. म्हणून मी प्रायमाक्विनच घेते. आकडे सरावासाठी मी तयार केलेले आहेत, कुठल्या रुग्णाचे नाहीत, पण 15 मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर साधारण जे दिसतं त्याच्या जवळ जाणारे आहेत.

ते असे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने 14, एका तासाने 32, दोन तासांनी 52, तीन तासांनी 50, चार तासांनी 45, सहा तासांनी 36, आठ तासांनी 28, बारा तासांनी 18 आणि चोवीस तासांनी 4.5. सगळे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. गोळी घेण्याआधी शून्य.

या वर्षी एका मुलीचा रिपोर्ट पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यात हाफ-लाइफ 6.8 तास लिहिलं होतं. बाकी मुलांपैकी काहींचं 6 आलं होतं, एकाचं 13.8. आकडे सगळ्यांना तेच दिलेले. मी तिला विचारलं, कसं काढलंस? तिने साध्या आलेख कागदावरचा वक्र दाखवला. "मॅडम, सगळ्यात जास्त 52 आहे, दोन तासाला. त्याचं निम्मं 26. आलेखावर 26 पावणेनऊच्या थोडं पुढं येते, 8.8 ला. त्यातून दोन वजा केले जी."

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. निम्मं व्हायला लागलेला वेळ म्हणजेच हाफ-लाइफ, मग शिखरापासून मोजलं तर बिघडलं कुठे? बिघडलं शिखरापाशीच. दोन तासांनी रक्तात प्रमाण सर्वांत जास्त असतं म्हणजे औषध आत यायचं थांबलेलं असतं असं नाही. त्या क्षणी जितकं आतड्यातून रक्तात येतंय तितकंच बाहेर जातंय, एवढाच शिखराचा अर्थ. पुढचे एक-दोन तास थोडं थोडं औषध येतच राहतं आणि उतार खरा असतो त्यापेक्षा मंद दिसतो. शिखरापासून मोजलेल्या वेळात हे उशिरा येणारं औषध मिसळतं आणि हाफ-लाइफ फुगतं.

साध्या कागदावर हे दिसत नाही. तिथे सगळा उतार एकाच गुळगुळीत वळणाचा असतो आणि शिखर कुठे संपलं, निचरा कुठे सुरू झाला हे डोळ्याला कळत नाही. म्हणून मी सेमिलॉग कागद काढायला लावते. त्याची आडवी बाजू साधी असते, उभी बाजू लॉगची. आमच्या आकड्यांना दोन सायकलचा कागद लागतो, 1 ते 10 आणि 10 ते 100, कारण शेवटचा 4.5 खालच्या सायकलमध्ये पडतो. सुरुवातीचं शून्य त्यावर मांडताच येत नाही. दर वर्षी कोणी तरी ते कागदाच्या तळाच्या रेषेवर ठेवतं आणि मग त्याच्या वक्राला सुरुवातीला एक खोटी चढण येते.

त्या मुलीने माझ्यासमोर बसून ठिपके मांडले. 24 तासांचा, 12 चा, 8 चा, 6 चा आणि 4 चा ठिपका जवळजवळ एका सरळ रेषेत आले. मग पट्टी तशीच ठेवून मी तिला रेषा डावीकडे वाढवायला सांगितली. तीन तासांपाशी रेषा 51 च्या जवळ जात होती आणि मोजलेलं होतं 50. दोन तासांपाशी रेषा 57 दाखवत होती आणि मोजलेलं 52. तिचा शिखराचा ठिपका रेषेच्या स्पष्ट खाली होता. ती बराच वेळ त्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे निम्मं जिथून मोजलं तो आकडाच या रेषेवरचा नाही." हे तिला तिच्या पट्टीने सांगितलं याचा मला फार आनंद झाला.

मग सरळ रेषेवरचेच ठिपके घेऊन हिशेब केला. बारा ते चोवीस या बारा तासांत 18 चं 4.5 झालं:

k = ln(18/4.5)/12 = 0.1155

t½ = 0.693/0.1155 = 6

आठ, बारा आणि चोवीस अशा तीन ठिपक्यांतून रेषा काढली तरी सहाच्या अगदी जवळच येतं. रिपोर्टमध्ये निदान तीन ठिपके घ्यावेत आणि ते कोणते घेतले हे लिहावंच लागतं. नुसतं "हाफ-लाइफ 6 तास" असं लिहिलेला रिपोर्ट मी परत देते, उत्तर बरोबर असलं तरी. वाचणाऱ्याला तो उतार पुन्हा काढता आला पाहिजे.

13.8 वाल्या मुलाची गोष्ट वेगळी होती. त्याने दहाच्या पायाचा लॉग घेतला होता, उतार 0.0502 आला आणि 0.693 ला थेट त्यानेच भागलं. आधी उताराला 2.303 ने गुणायचं राहिलं. अशी चूक पकडायला सूत्र लागत नाही. 18 चे 9 होतात, 9 चे 4.5, म्हणजे बारा तासांत दोनदा निम्मं. एकदा निम्मं व्हायला पावणेचौदा तास लागत असते तर चोवीस तासांनी 9 च्याही वर काही तरी उरलं असतं. टेबलकडे एकदा बघितलं की कळतं.

एयूसीला मुलं कंटाळतात, कारण ट्रॅपेझॉइडची बेरीज लांबलचक असते. लागोपाठच्या दोन प्रमाणांची सरासरी काढायची, मधल्या वेळेने गुणायचं आणि अशा सगळ्या पट्ट्या जोडत जायच्या. आमच्या आकड्यांत पहिल्या चार तासांचे 155.5 होतात, आठ तासांपर्यंत 300.5, बारापर्यंत 392.5 आणि चोवीसपर्यंत 527.5. एकक नॅनोग्रॅम-तास प्रति मिलिलिटर. यातला तास निम्मी मुलं विसरतात आणि मग एयूसी म्हणजे प्रमाणच असल्यासारखं दिसतं.

बेरजेतली शेवटची पट्टी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. बारा ते चोवीसमध्ये नमुना नाही, रात्र असते. सरासरीने त्या पट्टीचे 135 येतात. पण या बारा तासांत प्रमाण सरळ रेषेत उतरत नाही, आधी भराभर आणि मग हळू उतरतं, म्हणजे खरा वक्र सरळ रेषेच्या खालून जातो. उतरत्या भागाला लॉगचं सूत्र लावलं, (18 − 4.5)/0.1155, तर 117 च मिळतात. एका पट्टीत 18 चा फरक. चढत्या भागाला साधं सूत्र आणि उतरत्याला लॉगचं, ही पद्धत मला जास्त पटते. साधी पद्धतही चालते, पण कोणती वापरली ते रिपोर्टमध्ये असलं पाहिजे. नाही तर दोन मुलांचे आकडे वेगळे का आले हे कोणालाच सांगता येणार नाही.

चोवीस तासांनंतरही 4.5 उरलेलं असतं. त्याचं पुढचं क्षेत्रफळ मोजलेलं नसतं, अंदाजाने धरायचं असतं: 4.5/0.1155, म्हणजे 39. ते 527.5 मध्ये मिळवलं की अनंतापर्यंतचा एयूसी 566.5. यातलं 39 न मोजलेलं, म्हणजे सुमारे 7 टक्के. हा टक्का मी टेबलमध्ये वेगळ्या रकान्यात लिहायला लावते. कारण समजून घ्यायचं तर नमुने आठ तासांवरच थांबवून बघावं. मोजलेलं क्षेत्रफळ 300.5 राहतं आणि शेपटी 28/0.1155 म्हणजे 242 होते. एकूणातलं जवळजवळ 45 टक्के न मोजलेलं! बेरीज 542.5, म्हणजे आधीच्या उत्तराच्या आसपासच येते आणि म्हणूनच फसगत होते. शिवाय k मी चोवीस तासांच्या नमुन्यावरून घेतला, आठ तासांवर थांबलेल्याकडे तो नसतोच. साधारणपणे हा वाटा 20 टक्क्यांच्या वर गेला की अनंतापर्यंतच्या एयूसीवर विसंबत नाहीत.

रिपोर्ट पुन्हा लिहिताना त्याच मुलीने एक प्रश्न विचारला. "मॅडम, सहा तासात निम्मं होते, दुसऱ्या दिवशी तर काहीच राहत नाही. मग चौदा दिवस गोळी काहून घ्या लागते?" व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विन चौदा दिवस देतात, यकृतात दडून बसलेल्या परजीवींसाठी. तिचं म्हणणं आलेखाशी जुळत होतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या वेळी शिखराच्या दहाव्या भागाहून कमी उरतं, म्हणजे मूळ औषध साठत जात नाही. पण हा वक्र फक्त रक्तातल्या मूळ प्रायमाक्विनचा आहे. परजीवींवर काम करतात ती शरीरात त्यापासून तयार होणारी द्रव्यं, आणि महत्त्व असतं एकूण पोटात गेलेल्या मात्रेला. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची भरपाई पहिल्या दिवशीच्या उंच शिखराने होत नाही. यातलं काहीही हाफ-लाइफच्या आकड्यात वाचता येत नाही, म्हणून निष्कर्षात "प्रायमाक्विनचा परिणाम सहा तासांत निम्मा होतो" असं लिहायचं नाही, "रक्तातलं प्रमाण" एवढंच लिहायचं.

मग तिला क्लोरोक्विनचाही तसाच तक्ता करून बघायचा होता, कारण त्याच रुग्णाला पहिले तीन दिवस तेही मिळतं. मी तिला चोवीस तासांचे सरावाचे आकडे दिले आणि सेमिलॉग कागदावर मांडायला सांगितलं. शिखरानंतर प्रमाण उतरत होतं, शेवटच्या तीन ठिपक्यांतून पट्टीने रेषाही निघत होती आणि तिच्यावरून काही तासांचं एक हाफ-लाइफही येत होतं. क्लोरोक्विनचं शेवटच्या टप्प्यातलं हाफ-लाइफ एक ते दोन महिन्यांचं आहे. पहिल्या दिवशी दिसतो तो उतार औषध शरीराबाहेर गेल्याचा नाही, रक्तातून पेशींमध्ये पसरल्याचा आहे. नंतर ते तिथून आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात परत येत राहतं. त्यामुळेच व्हायवॅक्सचा लवकर उलटणारा ताप ते काही आठवडे दाबून धरू शकतं.

तिने दोन औषधांचा एकच तक्ता केला. प्रायमाक्विनच्या ओळीत 6 तास, वापरलेले ठिपके 8, 12, 24, एयूसी 566.5, न मोजलेला भाग 7 टक्के. क्लोरोक्विनच्या ओळीत चोवीस तासांपर्यंतचा एयूसी लिहिला, हाफ-लाइफ आणि अनंतापर्यंतचा एयूसी हे दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि खाली टीप दिली: नमुने 24 तासांचेच, शेवटचा टप्पा सुरू झालेला नाही, काढता येत नाही.