स्वागताचे भाषण आणि चिमूटभर तीळ

माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहते. 2023 च्या जानेवारीत रजा काढून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. त्या भागात मराठी घरे बरीच आहेत. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, पण हॉल मिळाला तो 21 तारखेच्या शनिवारी, म्हणून तिळगूळ समारंभही त्या दिवशी ठरला. स्वागताचे भाषण मंडळींनी माझ्या गळ्यात घातले. "तुम्हाला सभांची सवय आहे, पाच मिनिटे बोला, फक्त मुलांना कळलं पाहिजे," एवढीच अट.

सवय आहे हे खरे. अठ्ठावीस वर्षे शेतकऱ्यांपुढे बोलतो आहे. त्याच भरवशावर मी बसल्या बैठकीला भाषण लिहून काढले: "उपस्थित बंधुभगिनींनो आणि बालमित्रांनो, मकरसंक्रमणाच्या या मंगल प्रसंगी आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत." सहा वर्षांचा नातू शेजारी दूध पीत बसला होता. म्हणाला, "आजोबा, उपस्थित मीन्स काय?" मी सांगितले. मग त्याने प्रसंगीचा अर्थ विचारला, मग हार्दिकचा. चौथ्या शब्दाला तो कंटाळून उठून गेला.

जावईबापूंनी तोड सुचवली. एक वाक्य मराठीत, लगेच तेच इंग्रजीत. तेथे बहुतेक समारंभांत असेच करतात म्हणे. आम्ही घरीच तालीम केली. नातू आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी समोर बसवली. पहिल्या दोन वाक्यांना दोघांनी कान दिला. तिसऱ्यापासून मराठी सुरू झाले की पाय हलवायचे, इंग्रजी सुरू झाले की मान वर करायची. पोरे हुशार; तेच परत इंग्रजीत येणार हे त्यांनी ओळखले होते. मग मराठीकडे लक्ष देण्याचा त्रास कशाला घ्या?

हे मी आपल्याकडेही पाहिले आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ इंग्रजीत बोलायचे आणि आम्ही शेजारी उभे राहून वाक्यावाक्याला मराठी करायचो. थोड्याच वेळात शेतकरी त्या पाहुण्याकडे बघेनासे व्हायचे.

तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि दोन दिवस नातवाच्या मागे फिरून त्याला मराठी किती कळते ते टिपले. खूप कळत होते! ये, बस, हात धू, सांडू नकोस, उचल, चाव, गरम आहे, थंडी वाजते का, पुढे सरक. सगळी स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली मराठी. सभेची मराठी मात्र त्याच्या कानावरून कधी गेलीच नव्हती. म्हणजे माझे भाषण मराठीत होते म्हणून अडले नव्हते, ते त्याच्या घरातल्या मराठीत नव्हते म्हणून अडले होते.

आणखी एक गोष्ट टिपली. घरात 'फ्रीज', 'बस', 'होमवर्क' असे शब्द येत, त्याने काही बिघडत नव्हते. आपणही पंप आणि ट्रॅक्टर म्हणतोच. पण काही घरांतून 'हँड्स वॉश कर', 'डोअर ओपन कर', 'ॲपल कट कर' असे ऐकले. येथे धुणे, उघडणे, चिरणे ही क्रियापदेच गेली आणि मागे एकटे 'कर' उरले. वस्तूचे नाव परके असले तरी वाक्य मराठी राहते. क्रियापद गेले की मुलाला मराठी वाक्य जोडताच येत नाही. म्हणून ठरवले की नाव इंग्रजी आले तर येऊ द्यायचे, क्रियापद मात्र मराठीच.

इंग्रजीला दोन जागा ठेवल्या. पहिली जागा सुरुवातीलाच. तिळाने किंवा शेंगदाण्याने काही मुलांच्या अंगावर गांधी उठतात, एखाद्याचा श्वासही कोंडतो. अमेरिकेत नेमके 1 जानेवारी 2023 पासून वेष्टनातल्या खाद्यपदार्थांवर तिळाचा असा इशारा छापणे सक्तीचे झाले होते. ज्यांना चालत नाही त्यांनी हात पुढे करू नये, हे जावईबापूंनी स्वच्छ इंग्रजीत दोनदा सांगितले. सगळ्याच आया काही मराठी नव्हत्या. चूक जिवावर बेतणारी असेल तेथे भाषेचा अभिमान धरू नये. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो तो ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच.

दुसरी जागा सूर्याची. 22 डिसेंबरच्या सुमारास दिवस वाढू लागतो, मग सण जानेवारीत का, हे घरच्या मराठीत मला सांगता येईना. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने धरतात आणि तो हिशेब साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. एवढे एका चौदा वर्षांच्या मुलीने मोठ्या मुलांना दोन मिनिटांत इंग्रजीत सांगितले. त्याचे मराठी कोणी केले नाही.

मधला भाग माझा. कागद नव्हता, वाटीभर तीळ होते. तेथल्याच दुकानातले, कारण बियाणे आणि ओला माल विमानतळावर अडवतात हे मला ठाऊक होते.

"या, या. पुढे या. खाली बसा. थंडी वाजते का? मग हात चोळा. आता उजवा हात पुढे करा. मी थोडंसं ठेवतो. सांडू नका. खाऊ नका हं अजून. बघा. हा दाणा कुठे पाहिला?"

क्षणभर शांतता. मग एक मुलगा ओरडला, "बर्गर!"

"बरोबर. बर्गरच्या पावावर हाच असतो. याला म्हणायचं तीळ. आता चावा. कसा लागतो?"

'खमंग' हा शब्द कोणाकडेच नव्हता. तो मी दिला आणि त्यांनी तो तिळाबरोबरच चावला. मग मूठ उघडायला सांगितली. दाणे सांडले. "आता हा लाडू बघा. यात गूळ घातला. आता सांडतो का? नाही. चिकटला." एवढेच भाषण. तिळाचे बोंड वाळून तडकले की दाणा रानातच सांडतो, म्हणून खालची बोंडे पिवळी पडताच कापून पेंढ्या उभ्या करतात, हे सांगायला जीभ फार वळवळत होती. पण पेंढी समोर नव्हती आणि नुसत्या शब्दांनी ती दिसली नसती.

सगळे साधले असे नाही. अकरा-बारा वर्षांपुढची पोरे मागे भिंतीला टेकून फोनमध्ये होती. त्यांना हे बाळबोध वाटले. एका चिमुरडीच्या घरी कोणीच मराठी बोलत नव्हते, ती शेजारणीचे हात बघून सारे करत होती. आणि कार्यकारिणीची नावे घ्यायची राहिली, त्याबद्दल एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेऊन नाराजी सांगितली. त्यांचे चुकले नाही. नावांची चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशात होती आणि कोट खुर्चीवर.

मग मुलांनी तिळगूळ वाटला. माझा नातू तोवर घरात सगळ्यांना तूच म्हणायचा, मलाही. मुलांच्या घोळक्याशी मी 'बसा, चोळा, सांडू नका' असे बोललो होतो. तो लाडू घेऊन माझ्यापाशी आला, माझा हात धरून तळवा वर केला, लाडू ठेवला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "आजोबा, घ्या. सांडू नका हं."