शंभराचा नियम

चारने भाग गेला की लीप वर्ष, एवढं पुरेसं आहे असं मी बरीच वर्षं मानत होतो. शंभराचा आणि चारशेचा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो पाठ्यपुस्तकातला बारकावा, कामाच्या प्रोग्रामला त्याचं काय करायचं, असं मी बेधडक म्हणायचो. दुसऱ्या कुणी `y % 100` लिहिलं की पानभर काटेकोरपणाचा सोस म्हणून मनातल्या मनात नाक मुरडायचो.

या मताला 2000 सालानं बळ दिलं होतं. शंभरने भाग जाणारं ते साल लीप होतं, कारण त्याला चारशेनेही भाग जातो. म्हणजे दोन्ही नियम विसरलेला त्या वर्षी बरोबर ठरला आणि अर्धाच नियम पाळणारा, शंभरवर थांबलेला, चुकला. मी तो योगायोग पुरावा म्हणून वापरला. शिवाय मी ज्या तारखा तपासायचो त्या 1972, 1996, 2004, 2024 अशा माझ्याच आयुष्याच्या आसपासच्या. 1901 ते 2099 या पट्ट्यात चारचा नियम एकदाही चुकत नाही. त्यामुळे तिथली कितीही वर्षं घातली तरी चाचणी उत्तीर्णच होणार.

मग जुन्या मराठी वृत्तपत्रांची सूची करण्यासाठी तारखेवरून वार काढायचा छोटा प्रोग्राम लिहिला. आजच्या तारखेपासून मागे दिवस मोजत जायचं आणि लीप वर्षासाठी हे:

```python
def leap(y):
    return y % 4 == 0
```

सूची करणाऱ्या बाईंनी विचारलं, “अहो, ‘केसरी’चा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, आणि तो मंगळवारी निघायचा. तुमचा प्रोग्राम सोमवार का सांगतोय?” मी आधी त्यांच्या नोंदीवर संशय घेतला. हे आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते. ‘मराठा’चा 2 जानेवारीचा पहिला अंक घातला, तर रविवारच्या जागी शनिवार आला. दोन्ही ठिकाणी फरक एकाच दिवसाचा.

ही एक दिवसाची गोष्ट मला सोडवेना. मोजणीच्या पायरीत चूक असती तर जितकं मागे जाऊ तितका फरक वाढला असता. पण 1881, 1885, 1895 सगळीकडे तो तसाच एक दिवस. 1905 मध्ये मात्र शून्य. म्हणजे मध्ये कुठेतरी नेमका एक दिवस जास्तीचा मोजला जात होता. तो शोधायला मी वर्षांचा पट्टा निम्मा निम्मा करत गेलो. 1 मार्च 1900 ला गुरुवार, बरोबर. 28 फेब्रुवारी 1900 ला मंगळवार, चूक. तो बुधवार होता. या दोघांच्या मध्ये माझ्या प्रोग्रामनं 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस घुसवला होता. असा दिवस कधी उगवलाच नव्हता.

त्या पडद्याकडे पाहताना माझ्या मनात एकच गोष्ट आली: ज्याला मी बारकावा म्हणत होतो, तो चार शतकांतल्या तीन दिवसांचा हिशेब आहे. सौर वर्ष साधारण 365.2422 दिवसांचं, दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर सरासरी 365.25 होते. हा जास्तीचा भाग चारशे वर्षांत जवळजवळ तीन दिवसांचा होतो, म्हणून चारशे वर्षांतली तीन शतकवर्षं लीप धरत नाहीत.

खात्रीसाठी पानिपत घातलं. 14 जानेवारी 1761, बुधवार. प्रोग्राम म्हणाला सोमवार. या वेळी दोन दिवसांची चूक, कारण 1800 चा खोटा दिवसही वाटेत होता. इथे माझी शंका संपली. ओळ अशी झाली:

```python
return y % 4 == 0 and (y % 100 != 0 or y % 400 == 0)
```

चाचणीत आता 1900 आणि 2100 साठी ‘नाही’, 2000 साठी ‘हो’ अपेक्षित आहे. या तिघांशिवाय मी लीपची चाचणी धरत नाही. 2023 आणि 2024 ही त्यांच्या सोबतीला, तीही हवीतच.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख शनिवारची, पण दुरुस्त प्रोग्राम तिला बुधवार म्हणतो. ती तारीख इंग्रजांच्या जुन्या ज्युलियन गणनेची आहे, आणि त्या गणनेत चारचाच नियम खरा. नव्या गणनेत तोच दिवस 16 जून, आणि 16 जून घातला की शनिवार येतो. इंग्रजांनी आपली गणना 1752 च्या सप्टेंबरात बदलली. तेव्हा त्याआधीची तारीख आली की माझा प्रोग्राम आता वार सांगत नाही. ती कोणत्या गणनेतली, हे विचारतो.