प्रश्नाखालीच उत्तर

माझा भाचा दुबईत असतो. शाळा बल्लारपुरात मराठी माध्यमाची झाली. त्यामुळे घरात आम्ही आमची हिंदी-उर्दू बोलत असलो तरी लिहायची वेळ आली की तो मराठीतच लिहितो. मागच्या वर्षी त्याचे वडील, म्हणजे माझ्या आपाचे शौहर, गेले. दफनविधीला तो आला, आठ दिवस राहिला आणि सुट्टी संपली म्हणून परत गेला. पुढचं सगळं व्यवहाराचं काम ईमेलवर आलं. त्याला दोन बहिणी आहेत. एक नागपूरला असते, धाकटी आपाजवळ बल्लारपुरातच. तो प्रत्येक ईमेल दोघींनाही पाठवत असे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्याचं पहिलं मोठं ईमेल नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला गेलं होतं. त्यात सहा-सात प्रश्न होते. त्यांनी फोनवरून उत्तर पाठवलं: 'बेटा, सगळं व्यवस्थित चालू आहे. दाखला मिळाला, टॅक्सचं बघतो, बँकेत जाऊन आलो. तू फिकर करू नकोस.' मनापासून लिहिलेलं उत्तर होतं. पण टॅक्स भरला की भरायचा आहे? बँकेत काय सांगितलं? वाटणीबद्दल विचारलं होतं, त्यावर एक शब्द का नाही? परदेशात एकट्या बसलेल्या मुलाच्या मनात अशा न बोललेल्या जागेत संशय घर करतो. नागपूरची बहीण तर उघडच म्हणाली, 'वाटणीचा प्रश्न मुद्दाम सोडला.' मुद्दाम नव्हता सोडला. एकसलग परिच्छेदात उत्तर लिहिताना एखादा प्रश्न गळतो, आणि गळाला हे लिहिणाऱ्याला कळतही नाही, कारण परिच्छेद वाचायला पूर्ण वाटतो.

मग ते ईमेल माझ्याकडे आलं. मी त्याचाच मजकूर तसाच ठेवला, प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ मोकळी सोडली आणि तिथंच उत्तर लिहिलं. ही रीत जुनी आहे. समोरच्याच्या ओळीपुढे `>` ही खूण येते, आपल्या ओळीपुढे काही नसतं. 1995 साली इंटरनेटवरच्या पत्रव्यवहाराचे शिष्टाचार RFC 1855 नावाच्या टिपणात लिहिले गेले. त्यातही सांगितलं आहे की उत्तर देताना मूळ मजकुराचा संदर्भ कळेल एवढाच भाग ठेवावा, सगळं पत्र परत पाठवू नये.

कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं असेल तर 'Reply' दाबल्यावर खाली तीन टिंबं दिसतात. ती दाबली की जुनं पत्र उघडतं. पण त्याच्या मधे लिहायला गेलं की आपलं उत्तर त्याच्याच उभ्या रेघेच्या आत अडकतं आणि कोण बोलतंय ते कळत नाही. म्हणून मी आधी लिहिण्याच्या खिडकीतल्या 'More options' मध्ये जाऊन 'Plain text mode' निवडतो. मग त्याच्या प्रत्येक ओळीपुढे `>` येतं आणि माझं उत्तर स्पष्ट वेगळं राहतं. काही लोक आपलं उत्तर लाल किंवा निळ्या रंगात लिहितात. दिसायला सोपं वाटतं, पण साध्या मजकुरात रंग उडून जातो आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तर सगळं सारखंच. आपा ईमेल प्रिंट काढूनच वाचते. तिथं `>` टिकतं, रंग टिकत नाही.

आमच्या पत्राचा एक तुकडा असा होता:

```
उत्तरं खाली, प्रत्येक प्रश्नाखाली लिहिली आहेत.

> घरपट्टी भरली का

हो, या वर्षाची पूर्ण भरली. पावती सोबत जोडली आहे.

> आणि ती कोणाच्या नावावर आहे?

अजून अब्बूंच्याच नावावर. अर्ज दिलेला नाही.

> बँकेत नॉमिनी अम्मी आहे, म्हणजे पैसे तिचेच ना?

नाही. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारी.
मालकी वारसांची. हिशेब प्रश्न ६ मध्ये.

> [...] मी यायलाच हवं का?

बँकेचं मला अजून माहीत नाही. सोमवारी
विचारून याच ओळीखाली लिहितो.
```

यात चार गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, सर्वांत वरची ओळ. ती नसेल तर फोनवर ईमेल उघडणाऱ्याला आधी स्वतःचाच मजकूर दिसतो आणि त्याला वाटतं की चुकून रिकामं पत्र परत आलं. खाली सरकवायचं त्याला सुचत नाही.

दुसरी, घरपट्टीचा प्रश्न. त्यानं एका वाक्यात दोन प्रश्न विचारले होते. वाक्य अखंड ठेवून खाली 'हो' लिहिलं असतं, तर तो 'हो' पहिल्याला की दुसऱ्याला? म्हणून 'आणि'पाशी वाक्य तोडलं. तोडायला हरकत नाही, गाळायलाही नाही. गाळलं की कंसात तीन टिंबं ठेवायची. पण त्याचा शब्द बदलायचा नाही, शुद्धलेखनसुद्धा नाही. `>` ही खूण म्हणजे 'हे तू म्हणालास' अशी ग्वाही आहे. प्रश्न चुकीच्या समजुतीवर उभा असेल, जसा नॉमिनीचा होता, तर दुरुस्ती उत्तरात करायची.

तिसरी, 'माहीत नाही' हेही उत्तर आहे आणि त्यालाही जागा लागते. ती जागा रिकामी सोडली तर वाचणाऱ्याला कळत नाही की विसरला, टाळलं की शोधतोय. म्हणून कधीपर्यंत कळवणार तेही तिथंच लिहावं. सोमवारी मी खरंच त्याच ओळीखाली लिहिलं: बँकेला मुखत्यारपत्र चालेल, दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठव, आणि इथं पोचल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागेल. पंधरा दिवसांनी हे त्याला परत पाहायचं होतं, तेव्हा शोधावं लागलं नाही. स्वतःचा प्रश्न सापडला की उत्तर त्याच्या पायाशी होतं.

चौथी गोष्ट सहाव्या प्रश्नाची. 'हिस्से कसे पडतील?' याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही, आणि लांबलचक उत्तर मधेच घातलं तर खालचे प्रश्न दोन स्क्रीन दूर जातात. तिथं मी फक्त निकाल लिहिला आणि 'रीत पत्राच्या शेवटी' असं म्हटलं. शेवटी मांडणी केली: मुलंबाळं असल्यानं बायकोचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेले सात अष्टमांश मुलांत, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे 32 भाग धरले तर अम्मीचे 4, तुझे 14, दोघी बहिणींचे सात-सात. हे पत्र दोन्ही बहिणींनीही वाचलं. जो प्रश्न आधी 'मुद्दाम सोडला' होता, तो भावानं काय शब्दांत विचारला आणि मामूंनी काय आकड्यांत उत्तर दिलं, दोन्ही एकाखाली एक होतं. त्यानंतर त्या विषयावर फोन आला तो नागपूरहून, आणि तो भांडायला नव्हता. 'मामू, दागिने यात धरले का?' एवढंच विचारायला होता. ते अम्मीचे स्वतःचे, म्हणून नाही धरले.

क्रमांक घालून उत्तरं खाली वेगळी लिहिली तर काय बिघडतं, असं कोणी विचारेल. आपल्या विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची यादी बघा. वर प्रश्नाचे भाग: (१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, (३) त्यानुसार. खाली उत्तर: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' वाचणारा एक बोट वर आणि एक बोट खाली ठेवून जुळवत बसतो. तीन भाग एका कंसात गुंडाळायची सोयही त्यातूनच मिळते. प्रश्नाखालीच लिहायचं म्हटलं की अशी गुंडाळी करता येत नाही, कारण प्रत्येक प्रश्न तोंडासमोर उभा असतो.

दुसऱ्या फेरीत मात्र गोंधळ सुरू होतो. त्यानं माझ्या उत्तराखाली लिहिलं की त्याच्या जुन्या ओळींपुढे `>>` आणि माझ्यापुढे `>` येतं. तिसऱ्या फेरीला तीन खुणा. तिथं मी जे मिटलं ते काढून टाकतो. घरपट्टी संपली, ती ओळ गेली. उरतं तेवढंच पुढे जातं, आणि पत्र लहान होत जाणं हीच काम पुढे सरकल्याची खूण. व्हॉट्सअॅपवर हे जमवायचं तर संदेशाला उजवीकडे सरकवून उत्तर देता येतं, पण तिथं अख्खा संदेशच धरला जातो, त्यातला एक प्रश्न नाही. तिथं मी ओळीच्या सुरुवातीला `>` आणि जागा सोडून त्याचा प्रश्न स्वतः टाइप करतो. 2024 पासून व्हॉट्सअॅप त्याला रेघ मारून अवतरण म्हणून दाखवतं.

आणि एका पत्राला हे कधी करू नये: ज्यात प्रश्न नाहीत, दुःख आहे. त्याच ईमेलच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'धाकटी म्हणत होती, अम्मी रात्री जागीच असते.' प्रश्नचिन्ह नव्हतं. असं वाक्य `>` लावून खाली 'हो, डॉक्टरांना दाखवलं' असं लिहिणं म्हणजे उलटतपासणी वाटते. रागाच्या पत्राचंही तसंच, प्रत्येक वाक्य पकडून खाली जबाब दिला की भांडण ओळीओळीनं वाढतं. ते वाक्य मी पत्रातून काढलं. सगळी उत्तरं संपल्यावर खाली वेगळा परिच्छेद लिहिला, कुठलीही खूण न लावता: मी रोज इशानंतर आपाकडे तासभर बसतो, ती वडलांच्या मिलमधल्या गोष्टी सांगते, तू रविवारी त्याच वेळी फोन कर.