विरजण

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना ‘जाते’ म्हटलेले आमच्या आजीला खपत नसे. ती तिथल्या तिथे थांबवी आणि ‘येते म्हण’ असे सांगून तो शब्द आमच्याकडून वदवून घेई. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की 1986 साली सांगली सोडताना मी एका संध्याकाळी पन्नास-साठ माणसांना ‘येते हं’ म्हणाले, आणि त्यांतल्या एकाच्याही दारात पुन्हा गेले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांना चहा-पोह्यांना बोलावले होते. थाट मोठा झाला. माणसे आली, बसली, ‘विसरू नका’ म्हणाली, आम्हीही ‘छे, छे’ म्हणालो. शेजारच्या घरातली माझी मैत्रीण मात्र पाहुणी म्हणून बसलीच नाही. ती स्वयंपाकघरात पोहे परतत होती आणि नंतर रात्री दहापर्यंत माझ्याबरोबर कपबशा विसळत होती. तिच्याशी काय बोलणे झाले म्हणाल, तर ‘चमचे मोजलेस का?’ एवढेच. गर्दीला निरोप दिला आणि जिचा घ्यायचा होता तिचा राहून गेला.

महिन्याभरात तिचे पत्र आले. आठ पानांचे! त्या आठ पानांनीच घात केला. एवढ्या पत्राला चार ओळींचे उत्तर कसे पाठवायचे? सवड काढून सविस्तर लिहू, म्हणून मी ते जपून ठेवले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग उशिराची लाज वाटू लागली आणि लाजेने आणखी उशीर झाला. तिसऱ्या वर्षी कळले की त्यांनीही ती जागा सोडली, आणि नवा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

म्हणून 2004 च्या मे महिन्यात, गिरगावातले अठरा वर्षांचे बिऱ्हाड हलवून नागपूरला जायचे ठरले तेव्हा मी घरात स्पष्ट सांगितले की चहा-पोहे नाहीत. मी महिनाभर आधीपासून रोज एका घरी जाणार. यजमान म्हणाले, “एवढ्या लवकर? अजून सुतळी आणायची आहे.” पण सुतळी आणायच्या आधीच जायला हवे होते. एकदा घरात पोती दिसली की माणसे तुमच्याशी बोलत नाहीत, पोत्यांशी बोलतात. ट्रक कधी येणार, कपाट जिन्यातून उतरेल का, यापलीकडे बोलणे जात नाही.

पहिले घर मी सर्वांत अवघड निवडले. कोपऱ्यातल्या वहिनींशी दोन वर्षे अबोला होता. माझ्या ओल्या साड्यांचे पाणी त्यांनी गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवर गळले होते, आणि ‘गॅलरी काय तुमच्या एकट्यांची?’ असे मीच वर ऐकवले होते. दुपारी त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, “वहिनी, त्या पापडांचं राहूनच गेलं.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “अडीचशे होते. उडदाचे,” त्या म्हणाल्या. मग हळूच हसल्या आणि बाजूला सरून मला आत घेतले. शेवटच्या दिवशी गेले असते तर त्यांनी रीतीप्रमाणे कुंकू लावून ‘झालं गेलं विसरा’ म्हटले असते आणि दोघी सुटलो असतो. आता आमच्या हाती पंचवीस दिवस होते. त्या दिवसांत आम्ही दोघींनी मिळून पुन्हा पापड लाटले. साड्या मी आतल्या दोरीवर घातल्या, हे सांगायला नकोच.

तळमजल्यावरच्या आजींना ऐकू कमी येई, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी मी पन्नास पैशांची पंचवीस पोस्टकार्डे आणली आणि त्यांच्याच पाटावर बसून, त्यांच्या देखत, प्रत्येकावर त्यांचा पत्ता लिहिला. पत्ता आधीच लिहिलेले कार्ड स्वस्थ बसू देत नाही. आणि त्यावर मजकुराला जागा तरी किती? ‘आज वालाची उसळ केली, तुमची आठवण झाली’ एवढ्यात ते भरते. आठ पानांचे भय उरत नाही. महिन्याला एक याप्रमाणे अकरा कार्डे गेली. बारावे लिहायच्या आत आजी गेल्याचे कळले. त्यांच्या पत्त्याची चौदा कार्डे माझ्याकडे राहिली. ती दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

राहता राहिली देण्याघेण्याची भांडी. अठरा वर्षांत कोणाची किसणी, कोणाचे पातेले आमच्याकडे राहिले होते. भांडे रिकामे परत करू नये म्हणून मी त्यांत काहीबाही घालून घरोघर पोचवीत होते. समोरच्या काकूंची शेवटची वाटी घेऊन गेले तर त्या एकदम रागावल्या. “सगळं फेडून चाललीस होय ग?” मला उत्तर सुचेना. त्यांनी ती वाटी धुतली, पुसली आणि निघायच्या संध्याकाळी तिच्यात दोन चमचे विरजण घालून वर घट्ट झाकण बसवून दिले. “वाटी माझी आहे. सवडीने परत कर,” त्या म्हणाल्या.

रात्रीच्या गाडीत ती वाटी मी मांडीवरून उतरू दिली नाही. नागपूरला पोचल्यावर गिरगावात लावीत असे तसेच कोमट दुधाला चमचाभर विरजण लावले. सकाळी पाहते तो दही आंबटढाण, वर पाणी सुटलेले. तडक काकूंना फोन केला.

“अगं, तिथल्या मे महिन्यात चमचाभर कशाला? चमच्याचं नुसतं टोक बुडव. दूध पुरतं निवू दे, झोपताना लाव, आणि उठल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेव.”

डिसेंबरात उलटी तऱ्हा झाली. थंडीने दही धरेचना. पुन्हा फोन. आता दूध चांगले कोमट घे, विरजण वाढव आणि पातेले कणकेच्या डब्यात ठेवून दे, अशी आज्ञा झाली. दह्याचे बोलणे दोन मिनिटांत संपे. मग काकूंच्या सुनेचे बाळंतपण, नळाला न आलेले पाणी, वहिनींचे गुडघे, असे सगळे ओघाने येई. ज्यांना मी ‘फोन करीन हं’ म्हणून आले होते त्यांना फोन करायला निमित्तच सापडत नसे. हल्ली आमच्या जुन्या चाळकऱ्यांचा व्हॉट्सॲपवर गट आहे. रोज सकाळी त्यात फुले येतात. फुलांना काय उत्तर द्यायचे, ते मला अजून कळलेले नाही.

2015 साली चाळ पाडली. काकू मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्या महिनाभर इस्पितळात होत्या. घरात दही लावायला कोणाला सुचणार? घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला, तो तब्येत सांगायला नव्हे. “अगं, माझं विरजण मोडलं,” त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी डोंबिवलीला गेले. पिशवीत तीच वाटी होती. आतले विरजण तेच होते का, हे देव जाणे. वीस वर्षांत किती दुधे पालटली असतील. काकूंनी झाकण काढले, वास घेतला, बोटाने चाखले आणि सुनेला दूध तापवायला सांगितले. मग वाटी स्वतः उठून विसळली, तिच्यात चार करंज्या बसवल्या आणि झाकण लावून माझ्यापुढे ठेवली.

“वाटी परत करायला आले होते मी,” मी म्हणाले.

“काही घाई आहे का?” काकू म्हणाल्या.