शकावलीची वही

डिसेंबर २०१७. सुरतेत आमच्या डाइंगवाल्यांचं एक छोटं चर्चासत्र होतं आणि मला पंधरा मिनिटं बोलायचं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने आदल्या रात्री अकराला फोन करून परिचय मागितला. मी अंथरुणात पडल्या पडल्या आठवून लिहिला : पांडेसऱ्यात अठरा वर्षांचा अनुभव, लॅब इनचार्ज, प्रक्रियेत अनेक सुधारणा, तीस टक्के बचत. दुसऱ्या दिवशी त्याने तो माईकवरून खणखणीत वाचला आणि पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर डाइंग मास्तरांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "तीस टक्के कशाची भाऊ? पाण्याची, रंगाची की वाफेची?"

मला सांगता येईना. बचत झाली होती हे नक्की. पण ती पाण्याची होती की वाफेची, कुठल्या वर्षाची, कशाच्या तुलनेत, यातलं काहीच डोक्यात नव्हतं. तीस हा आकडा कुठून आला तेही आठवेना. काम खरं आणि आकडा थापेसारखा, अशी माझी अवस्था झाली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आम्ही डिंडोलीत राहतो. मूळ धुळे जिल्ह्यातले, आणि या भागात आमच्यासारखे खानदेशी गल्लोगल्ली आहेत. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दुधाचा हिशोब महिनाअखेरीला कसा लागतो? रोज टिंब देते म्हणून. तुम्ही अठरा वर्षांत एक टिंब दिलं नाही."

तिथून सुरुवात झाली. पहिले दोन महिने मी खरंच तिच्या कालनिर्णयाच्या चौकटींत लिहीत होतो. दुधाच्या टिंबाशेजारी 'जेट ३, ॲडिशन नाही' असं काहीबाही. तिने हाकलून दिल्यावर दिवाळीला एका यार्नवाल्याने दिलेली डायरी काढली. सुरतेत दिवाळीला व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करतात आणि मिलमध्ये डायऱ्यांचा पाऊस पडतो. दरवर्षी त्या रद्दीत जायच्या.

दर महिन्याच्या तीन-चार तारखेला संध्याकाळी मी वीस मिनिटं बसतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बसून उपयोग नाही, कारण त्या दिवशी आकडे कच्चे असतात. ऑफिसातून महिन्याचा उत्पादनाचा कागद दोन-तीन तारखेला येतो. तो समोर असताना लिहायचं. फार उशीर केला तर मात्र 'तो लॉट बिघडला होता तो कशामुळे' हे विसरलेलं असतं. एकदा अख्खा पावसाळा लिहिलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये चार महिन्यांचं एकदम भरायला बसलो. त्या चार पानांवर फक्त मोठी मोठी कामं आहेत आणि चारही पानं एकाच दिवसाच्या मूडमध्ये लिहिलेली दिसतात. ती मी परिचयासाठी कधीच वापरत नाही.

काय लिहायचं, हे एका नोंदीवरून सांगतो.

आमच्याकडे पॉलिएस्टरचा बराच माल रंगवण्याआधी वेट रिडक्शनला जातो. गरम कॉस्टिकमध्ये कापडाचं वजन थोडं खातात, म्हणजे ते मऊ पडतं आणि साडी अंगावर छान पडते. त्यानंतर धुलाई, ॲसिटिक ॲसिड देऊन कॉस्टिक मारायचं आणि मग जेटमध्ये १३० अंशांवर रंगाई. रंगाईच्या पाण्याचा पीएच साडेचार-पाचच्या आसपास हवा. २०१९च्या सुरुवातीला या मालाच्या शेड सारख्या बिघडत होत्या. लॅबमध्ये नमुना बरोबर यायचा, मिलमध्ये लॉट फिका किंवा तिरका. मग वरून रंगाची ॲडिशन द्या, नाहीतर पुन्हा रंगवा.

एका पाळीला जेटवरचा ऑपरेटर मला म्हणाला की वेटवाला माल हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो. कॉस्टिकचीच ती खूण. दोरीसारखं गुंडाळलेलं कापड मधून उलगडलं, त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला आणि डाग गुलाबी झाला. बाहेरच्या थराचं कॉस्टिक मारलं जात होतं, आतलं तसंच राहत होतं. ते रंगाच्या पाण्यात उतरून पीएच वर न्यायचं, आणि अल्कली न सोसणारे काही डिस्पर्स रंग १३० अंशांवर तुटून जायचे. आम्ही बाथचा पीएच सुरुवातीला एकदाच बघत होतो, तेव्हा कॉस्टिक अजून कापडातच असायचं. उपाय साधा निघाला : ॲसिटिकमध्ये माल दहा मिनिटं जास्त फिरवायचा आणि मधलं कापड थेंबाने तपासल्याशिवाय रंग टाकायचा नाही.

वहीत ही नोंद अशी आहे :

'जून २०१९. वेट रिडक्शनचा माल. फेब्रुवारीत १८६ लॉटपैकी ४९ ना ॲडिशन किंवा रिप्रोसेस. जूनमध्ये २०३ पैकी २२. बदल १२ मार्चपासून. बुळबुळीत ही खूण ऑपरेटरने पकडली, तपासणी आणि वेळ मी ठरवली. कागद : लॅब रजिस्टर, हिरवी फाइल. रिटर्न : ____'

टक्के मी मुद्दाम लिहीत नाही. ४९ भागिले १८६ म्हणजे २६, आणि २२ भागिले २०३ म्हणजे ११, हे कधीही काढता येतं. पण नुसतं 'टक्के कमी केले' लिहिलं असतं तर वर्षाने मलाच कळलं नसतं. कारण हाच प्रकार दोन तऱ्हांनी सांगता येतो. बिघाड सव्वीसवरून अकरावर आला म्हणजे पंधरा टक्क्यांनी उतरला, असंही म्हणता येतं. किंवा बिघाडात जवळजवळ साठ टक्के घट झाली, असंही. दोन्ही खरं आहे, पण दुसरं ऐकणाऱ्याला भलतंच मोठं वाटतं. तीस टक्क्यांचं माझं जुनं वाक्यही अशाच कुठल्या तरी भागाकारातून आलं असणार. 'किती पैकी किती' लिहिलेलं असेल तर मास्तरांचा प्रश्न आला तरी घाम फुटत नाही.

ऑपरेटरची ओळ मी पहिल्यांदा लिहिली नव्हती. नंतर आठवून घातली. महिन्याच्या महिन्याला लिहिताना कोणाचं काय होतं हे ताजं असतं. वर्ष उलटलं की सगळं 'मी केलं' होऊन जातं, आणि त्यात खोटेपणाही जाणवत नाही.

रिटर्नची रिकामी जागा आमच्या धंद्याची खास गोष्ट. माल मिलमधून गेला म्हणजे संपलं असं नाही. व्यापाऱ्याकडे गाठ सुटते, पन्ना उघडतो, आणि महिना-दोन महिन्यांनी खराब तागे परत येतात. त्यामुळे ताजा आकडा नेहमी थोडा जास्तच गोड असतो.

शाळेत शिवरायांच्या जन्मतारखेचा वाद ऐकला होता, तो या वहीमुळे नीट कळला. बखरींच्या आधारे बरीच वर्षं जन्माचं साल १६२७ धरलं जायचं. बखरी नंतर, आठवणीवर आणि ऐकीव माहितीवर लिहिलेल्या, वाचायला रसाळ. जेधे शकावलीत मात्र रस नाही. शक, महिना, तिथी आणि काय घडलं एवढीच ओळ. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली आणि तिच्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख पुढे मानली गेली. माझा अठरा वर्षांचा परिचय म्हणजे बखर होती. माझा चुलतभाऊ लिंबायतला राहतो. तो एकदा मला लिहिताना बघून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, काय लिखी राहिना?" मी म्हटलं, शकावली. त्याने डोक्याला हात लावला.

परीक्षा झाली जुलै २०१९ मध्ये. शनिवारी दुपारी चारला खानदेशातल्या एका कॉलेजातून फोन. व्याख्यान पुढच्या आठवड्यात, पण फ्लेक्स सहाला छापायला जाणार, साठेक शब्दांत परिचय हवा. मी मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर होतो, वही पिशवीत होती. चहा यायच्या आत मागच्या अठरा महिन्यांतल्या तीन ओळींवर पेन्सिलीने खूण केली. मुलं केमिकल इंजिनीअरिंगची होती, म्हणून पीएचची ओळ पहिली. मग लॅबमध्ये तयार केलेल्या मुलांची, कारण त्यांतली काही त्याच कॉलेजची होती. वाफेच्या बचतीची ओळ सोडली. त्या महिन्यात बॉयलरच नवा बसला होता, श्रेय माझं नव्हतं, आणि तसं वहीत लिहिलेलंही होतं. मिलचं नाव घालायचं तर मालकांना विचारावं लागलं असतं, म्हणून नुसतं 'पांडेसऱ्यातील डाइंग मिलमध्ये' लिहिलं. पार्टीचं नाव आणि रंगाची रेसिपी वहीतही लिहीत नाही.

पाठवलेला मजकूर असा होता : '२० वर्षे सुरतेच्या पांडेसऱ्यातील डाइंग मिलमध्ये, त्यांपैकी ११ वर्षे लॅबचे प्रमुख. वेट रिडक्शन केलेल्या पॉलिएस्टरच्या रंगाईतील बिघाड सहकाऱ्यांसह २६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आणला (फेब्रुवारी ते जून २०१९). जानेवारी २०१८ पासून १४ मुलांना शेड मॅचिंग शिकवले, त्यांपैकी ९ आज याच धंद्यात. मूळ गाव धुळे जिल्ह्यात, वास्तव्य डिंडोली.' प्यायचा राहिलेला चहा अजून निवलाही नव्हता.

त्याच वहीतून दोन महिन्यांनी आमच्या मंडळाच्या गुणगौरव कार्यक्रमासाठी दुसरा परिचय काढला. तिथे पीएच कोणाला? तिथे चौदा मुलं पुढे आली आणि कॉस्टिक मागे गेलं.

व्याख्यान बरं झालं. ऑगस्टच्या चार तारखेला नेहमीप्रमाणे बसलो तर ऑफिसच्या कागदात रिटर्नच्या यादीत जूनचे तीन लॉट होते. तिन्ही वेटचे. फेब्रुवारीचं रिटर्न कधीच येऊन त्या ४९ मध्ये धरलेलं होतं, आणि जूनच्या २२ मध्ये ते अजून यायचं होतं. म्हणजे तुलना मीच घाईने केली होती. २५ भागिले २०३, बारा टक्के. लाल पेनाने २२ खोडून २५ केलं, रिकाम्या जागेत '३, ऑगस्टमध्ये' लिहिलं आणि पुढच्या परिचयात सव्वीसवरून बारा गेलं.

बायको पोळ्या करता करता बघत होती. म्हणाली, "फ्लेक्सवर तर अकराच छापलं ना?"

"छापलं."

"मग?"

मी काही बोललो नाही. तिने हात पुसले, भिंतीवरच्या पेनाने चार तारखेच्या चौकटीत टिंब दिलं आणि खाली बारीक अक्षरात 'अर्धा लिटर कमी' लिहिलं.